‘काल थांबलो तिथून पुढे’ : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिने एक एआय चॅटबॉट वापरतोय. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीचा सचिव आहे, त्यामुळे काम ठरलेलं: नोटिसा, पत्रं, सभेची इतिवृत्तं. चॅटबॉट मराठी बरं लिहितो, त्यावर तक्रार नाही. घोळ झाला तो वेगळ्याच ठिकाणी.

सप्टेंबरमध्ये वार्षिक सभेचं इतिवृत्त करत होतो. एकूण 9 विषय. रात्री लॅपटॉपवर वहीतली टिपणं देत देत 6 संपवले. सकाळी पीएमपी बसमध्ये बसल्या बसल्या मोबाईलवर अ‍ॅप उघडलं आणि लिहिलं, ‘काल थांबलो तिथून पुढे चालू कर.’ त्याने केलं की! विषय सातवा: पाणीपट्टीत वाढ, एकमताने मंजूर, खाली सूचक आणि अनुमोदक नावांसकट. आमचा सातवा विषय लिफ्टच्या देखभालीचा. आणि त्या नावांची माणसं आमच्याकडे राहतच नाहीत. भाषा मात्र इतकी चोख की खजिनदार काकांनी डोळे मिटून सही केली असती.

झालं असं की अ‍ॅप उघडल्यावर समोर आलं ते नवं, कोरं चॅट. मॉडेलला कालचं आपणहून आठवत नसतं. आपण काही लिहिलं की त्या चॅटमधलं आधीचं बोलणं दर वेळी पुन्हा त्याच्यापुढे ठेवलं जातं, ते वाचून ते पुढचं लिहितं. कोऱ्या चॅटमध्ये ठेवायला काही नसतंच. अशा वेळी आधीचं काही दिसत नाही असं सांगून त्याने मजकूर मागायला हवा. अलीकडे बहुतेकदा तसं करतो, म्हणून तर अजून वापरतोय. त्या दिवशी अंदाजाने रचून मोकळा झाला.

मग सेटिंगमध्ये जाऊन मेमरी चालू केली. त्यात मी सचिव आहे, सोसायटी कोथरूडची, एवढं राहिलं. सहावा विषय कोणत्या वाक्यावर थांबला ते नाही. उलट धोका वाढला, कारण आता रचलेलं असलं तरी ते आपल्याच सोसायटीचं वाटतं.

हल्ली चॅटला ‘वार्षिक सभा’ असं नाव देऊन ठेवतो आणि यादीतून तेच उघडतो. चॅट फार लांबलं की सुरुवातीची टिपणं त्याच्या आवाक्याबाहेर जातात, तेव्हा मात्र मुद्दाम नवं घेतो. त्यात आधी तीन गोष्टी चिकटवतो: कुठवर आलो, शेवटचा परिच्छेद जसाच्या तसा, आणि उरलेल्या विषयांची टिपणं. लिफ्टचा ठराव असाच झाला, दहा मिनिटांत.

पाणीपट्टीचा ठराव अजून मोबाईलमध्ये आहे. गंमत म्हणून अध्यक्षबाईंना दाखवला, तर त्यांनी पहिलं विचारलं, ‘‘किती वाढवलीय?’’