२०के/२०के जॅकेट पावसाळाभर वापरल्यावर: लेबलवरच्या आकड्यांचा खरा अर्थ

माझ्या जॅकेटच्या आतल्या लेबलवर '२०,००० मिमी / २०,००० ग्रॅम' असं छापलंय. दुकानाच्या भाषेत २०के/२०के. अख्खा पावसाळा आणि त्यानंतरची थंडी हे जॅकेट मी डोंगर चढताना, सायकलवर आणि रोजच्या जाण्यायेण्यात वापरलं. जुनं १०के/१०के चं जॅकेटही हाताशी होतं, त्यामुळे तुलना आपोआप होत गेली. निकाल आधीच सांगून टाकतो. पहिला आकडा दुप्पट असूनही पावसात मला तिळमात्र फरक जाणवला नाही. दुसऱ्या आकड्याचा फरक जाणवला, पण लेबल वाचून वाटतं त्याच्या आसपासही नाही.

पहिला आकडा पटकन उरकतो, कारण तो सरळ आहे. कापडाचा तुकडा घट्ट पकडून त्याच्या एका बाजूने पाण्याचा दाब हळूहळू वाढवत नेतात. दुसऱ्या बाजूला तीन ठिकाणी थेंब फुटले की त्या क्षणीचा दाब लिहून घेतात (आयएसओ ८११ ही चाचणी). २०,००० मिमी म्हणजे वीस मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब, दर चौरस सेंटिमीटरला साधारण दोन किलो. आता दहा किलोची सॅक पाठीवर घेतली आणि पट्ट्यांचा खांद्यांना टेकणारा भाग दोनशे चौरस सेंटिमीटर धरला, तर सरासरी दाब पन्नास ग्रॅम येतो, म्हणजे जेमतेम ५०० मिमी. पट्ट्यांच्या कडांखाली तो चार-पाच पट असेल असं मानलं तरी दहा हजाराचं जॅकेट आरामात पुरतं. ओल्या खडकावर बसलात तर हजारभर मिमी. गुडघा टेकून बसलात तर मात्र गोष्ट वेगळी. तीस किलो भार वीस चौरस सेंटिमीटरवर आला की थेट १५,००० मिमी. म्हणून मोठा आकडा शोधायचाच असेल तर तो पावसाळी पँटमध्ये शोधा. जॅकेटसाठी मी १०,००० च्या वर एक पैसाही जास्त मोजणार नाही.

आणि हा आकडा कोऱ्या कापडाचा असतो, शिवलेल्या जॅकेटचा नव्हे. पाणी आत येतं ते शिवणीतून, चेनमधून आणि हुडच्या कडेवरून गळ्यात. शिवणींना आतून सगळीकडे टेप आहे की फक्त खांद्यावर आणि हुडवर, हे जॅकेट उलटं करून बघायला अर्धा मिनिट लागतो.

खरी गंमत दुसऱ्या आकड्यात आहे. २०,००० ग्रॅम म्हणजे एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत वीस किलो वाफ बाहेर जाते, असा दावा. तासाला ८०० ग्रॅमच्या वर. जॅकेटचं कापड सव्वा चौरस मीटर धरलं तर तासाला लिटरभर घाम गुपचूप बाहेर! हे खरं असतं तर चढावर आत कोरडं राहायला हवं होतं. माझ्या बाह्या आतून ओल्या होत होत्या.

कारण चाचणीत आहे. इतके मोठे आकडे बहुतेक वेळा ज्या पद्धतीने येतात ती जपानी मानकातली, जेआयएस एल १०९९ ची बी-१ पद्धत. तिच्यात कापडाची एक बाजू पाण्याला टेकलेली असते. दुसऱ्या बाजूला पोटॅशियम ॲसिटेटचं संपृक्त द्रावण असतं, जे पाणी हावरटासारखं ओढून घेतं. पंधरा मिनिटांत किती पाणी ओढलं ते वजन करून बघतात आणि त्याला गुणून चोवीस तासांचा आकडा काढतात. म्हणजे एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला वाळवंटासारखी कोरडी हवा. पावसात बाहेर काय असतं? जवळजवळ शंभर टक्के आर्द्रता. वाफ बाहेर ढकलली जाते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकामुळे, आणि पावसात नेमका तोच फरक आक्रसतो.

त्याच मानकात ए-१ नावाची दुसरी पद्धत आहे. तिच्यात कपात कॅल्शियम क्लोराइड ठेवून वर कापडाचं झाकण लावतात आणि तो कप गरम, दमट कपाटात ठेवतात. इथे कापडाला पाणी टेकत नाही, फक्त वाफ लागते. पॉलियुरेथेनचा एकसंध पापुद्रा असलेलं कापड पाण्याला टेकलं की फुगतं आणि वाफ झपाट्याने पुढे नेतं, म्हणून ते बी-१ मध्ये उठून दिसतं. ए-१ मध्ये तेच कापड बरंच मागे पडतं. तेव्हा एका कंपनीचं बी-१ चं २०,००० आणि दुसरीचं ए-१ चं १०,००० शेजारी ठेवून पहिलं दुप्पट चांगलं म्हणणं याला काही अर्थ नाही. लेबलवर चाचणीचं नावच नसेल, आणि बहुतेकदा ते नसतंच, तर त्या आकड्यावरून दोन कंपन्यांची तुलना करू नका. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांमध्ये करायला हरकत नाही.

मी कंपनीच्या वेबसाइटवर बरंच खणल्यावर त्याच कापडाचा आरईटी सापडला: १०. हा आकडा उलटा वाचायचा, जितका कमी तितकं बरं. घाम येणाऱ्या कातडीची नक्कल करणारी एक तापवलेली ओली पाटी असते. तिच्यावर कापड ठेवून वाफेला किती अडथळा होतो ते मोजतात (आयएसओ ११०९२). ढोबळमानाने ६ च्या खाली उत्तम, १३ पर्यंत चांगलं, २० च्या वर गेलं की चालताना गुदमरायला होतं. या आकड्याचा मोठा फायदा म्हणजे त्यावरून आपल्या परिस्थितीचा हिशेब करता येतो.

करून बघू. जॅकेटच्या आत ३० अंश आणि हवा वाफेने भरलेली, म्हणजे बाष्पदाब सुमारे ४,२०० पास्कल. बाहेर २५ अंश आणि धो-धो पाऊस, सुमारे ३,१०० पास्कल. फरक १,१००. त्याला आरईटीने, म्हणजे १० ने भागलं की दर चौरस मीटरला ११० वॅट उष्णता वाफेवाटे बाहेर जाऊ शकते. एक ग्रॅम घामाची वाफ व्हायला साधारण ०.६७ वॅट-तास लागतात, म्हणजे तासाला १६५ ग्रॅमच्या आसपास. सव्वा चौरस मीटरचं सगळं कापड काम करतंय असं धरलं तर दोनशे ग्रॅम. लेबलवरून लिटरभर, प्रत्यक्षात त्याचा पाचवा हिस्सा. हेही फार झालं, कारण सॅकखाली दबलेली पाठ यात काहीच भर घालत नाही आणि आतल्या टी-शर्टचा अडथळा मी धरलेलाच नाही. सॅक घेऊन चढ चढणाऱ्या माणसाला तासाला अर्धा लिटर घाम सहज येतो. उरलेला जाणार कुठे? बाह्यांच्या आत.

सपाटीवर रमतगमत चालताना घामच कमी, त्यामुळे हेच जॅकेट छान कोरडं राहतं. थंडीतल्या कोरड्या हवेत तर बाष्पदाबाचा फरक मोठा असतो, तिथे मी ते चेन लावून तासन्‌तास घातलंय. जुन्या १०के च्या जॅकेटमध्ये अशा वेळी आत चिकचिक व्हायची, ती इथे नाही. दुसऱ्या आकड्याचा फरक मला जाणवला तो एवढाच. दमट पावसातल्या चढावर दोन्ही जॅकेटं थोड्याफार फरकाने हरली. तिथे कामी आल्या काखेखालच्या चेन. त्या उघडल्या की हवा खेळते, आणि कुठलाही पापुद्रा पार करू शकणार नाही एवढी वाफ सरळ निघून जाते. जुन्या जॅकेटला त्या आहेत, नव्याला नाहीत. जोरदार चढ असेल तर मी अजूनही जुनंच उचलतो.

आता तक्रार. दोन-तीन महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर खांद्यावर आणि मनगटापाशी पाण्याचे थेंब निथळेनासे झाले. कापड गडद दिसायला लागलं, हाताला जड आणि गार. पाणी आत आलेलं नव्हतं, ते बाहेरच्या कापडात मुरलं होतं. पापुद्रा त्याच्या खाली असतो, तो शाबूत होता. पण बाहेर पाण्याचा थर बसला की वाफेची वाट आणखी अडते आणि गार कापडावर आतून दव धरतं. मग माणूस म्हणतो, जॅकेट गळतंय.

गळती की घाम, हे ओळखायची माझी रीत साधी आहे. ओल कुठे आहे ते बघतो. बाहूंवर आणि पाठीवर सारखी पसरलेली ओल असेल तर घाम. एखाद्या शिवणीच्या रेषेत, चेनच्या मागे किंवा खिशाच्या तळाशी एकाच जागी असेल तर गळती. शंका उरलीच तर घरी जॅकेट उलटं न करता त्या जागी कापडाचा खोलगट झोळ करून त्यात ओंजळभर पाणी ओततो, खाली कोरडा टिश्यू पेपर ठेवतो आणि तासाभराने बघतो. या चाचणीने २०,००० वगैरे काही सिद्ध होत नाही, झोळातला दाब शंभर मिमीसुद्धा नसतो. पण भोक किंवा सुटलेली टेप असेल तर लगेच कळते. माझा टिश्यू कोरडा निघाला.

वरचं पाणी झटकणारं कोटिंग मात्र मेलेलं नव्हतं, मळलं होतं. हल्ली बरीच कोटिंग फ्लोरिनविरहित असतात. ती पाणी झटकतात, पण तेलापुढे हात टेकतात, म्हणून कॉलर आणि मनगटं आधी जातात. अंगाचं तेल तिथेच लागतं. सौम्य लिक्विडने धुतलं, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नाही, साध्या पाण्यात दोनदा खळबळलं, वाळल्यावर वरून सुती कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवली. लेबलवर इस्त्रीवर फुली नाही ना, ते आधी बघा. खांद्यांवर थेंब पुन्हा मोत्यांसारखे घरंगळायला लागले. मनगटांवर नाही, तिथे कोटिंगचा स्प्रे मारावा लागला आणि तोही महिनाभरच टिकला.

काही लेबलांवर '८०/२०' असा एक छोटा आकडा असतो आणि विक्रेता त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. वीस धुण्यांनंतरही पाणी झटकण्याचे शंभरपैकी ८० गुण, असा त्याचा अर्थ. माझ्या लेबलवर तो नव्हता. पुढचं जॅकेट घेताना मी आधी तो शोधेन, मग काखेखालच्या चेन, मग आरईटी, आणि २०के आहे की १५के हे विचारणारही नाही.