फ्लोटिंग बाँडची किंमत 100 लाच का घुटमळते : आठ महिने ठेवून पाहिल्यावर

कापसाच्या पैशातले 50,000 रुपये मी आरबीआय रिटेल डायरेक्टवरून सरकारच्या FRB 2033 मध्ये, म्हणजे 2033 ला मुदत संपणाऱ्या फ्लोटिंग बाँडमध्ये, टाकले, त्याला आता आठ महिने होतील. व्याज वेळेवर जमा झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. डोकं खाल्लं ते किमतीनं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर भाव पाहायचा, आणि तो बसलेला 100 च्या आसपास. म्हटलं, आपणच हिशेब करून पाहू.

या बाँडचं व्याज दर सहा महिन्यांनी, 22 मार्च आणि 22 सप्टेंबरला, नव्यानं ठरतं. सरकार थोड्या मुदतीचं कर्ज घेतं त्या 182 दिवसांच्या ट्रेझरी बिलाच्या शेवटच्या तीन लिलावांतल्या दरांची सरासरी काढायची आणि त्यात 1.22 टक्के मिळवायचे. हे 1.22 शेवटपर्यंत बदलत नाहीत. सोपं जावं म्हणून गोल आकडे घेतो: 22 सप्टेंबरला सरासरी 5.78 निघाली, तर व्याज 7 टक्के. म्हणजे 100 रुपयांवर 22 मार्चला साडेतीन रुपये मिळणार, हे पक्कं.

माझी पहिली एक्सेल फाईल चुकली ती इथंच. नोव्हेंबरात दर 1 टक्क्यानं वाढले तर काय होईल, हे पाहायला मी 2033 पर्यंतचं सगळं व्याज 7 टक्क्यांनीच धरलं आणि 8 टक्क्यांनी आजच्या किमतीत आणलं. उत्तर आलं 94 च्या आसपास. घाबरलोच. आमचे भाऊजी बँकेतून रिटायर झालेले, त्यांना फाईल दाखवली. म्हणाले, "काऊन बाप्पा, दर वाढले तर तुझं व्याज वाढणार नाही का? हा तर तू साध्या बाँडचा हिशेब मांडला."

मग त्यांनी वावराच्या मक्त्याचं उदाहरण दिलं. पाच वर्षांचा मक्ता एकदाच ठरवला आणि भाव चढले, तर मालक पाच वर्षं हळहळतो. दरवर्षी चालू भावानं ठरवला, तर त्याचं नुकसान फार तर चालू वर्षापुरतं. बाँडचंही तसंच. 22 मार्चला व्याज पुन्हा बाजारभावानं ठरणार, म्हणून त्या दिवशी त्याचे 100 पेक्षा जास्त कोणी देणार नाही आणि कमीत कोणी विकणार नाही. त्यामुळे 2033 पर्यंतची रांग मांडायची गरजच नाही. 22 मार्चला हातात 100 अधिक साडेतीन आहेत असं समजायचं आणि तेवढेच आजच्या किमतीत आणायचे.

22 नोव्हेंबरला मार्चपर्यंत चार महिने उरतात. तोवर या बाँडवर बाजाराला हवा असलेला दर 8 झाला असेल, तर:

```
=(100+3.5)/(1+8%*4/12)
```

उत्तर 100.81. मला वाटलं, वा, दर वाढूनही फायदाच! पण यात दोन महिन्यांचं साचलेलं व्याज मुरलेलं आहे: 7 गुणिले 2 भागिले 12, म्हणजे 1.17. ते वजा केलं की 99.64. बाजारात भाव दाखवतात तो हा, साचलेल्या व्याजाशिवायचा. म्हणजे दर अख्खा 1 टक्का वाढला आणि गेले फक्त 36 पैसे. त्यातलेही जवळपास 3 पैसे दर न बदलताही गेलेच असते, कारण सूत्रात 8 च्या जागी 7 टाकले तरी उत्तर 99.97 येतं. मी हे 3 पैसे शोधण्यात एक अख्खी संध्याकाळ घालवली, चूक कुठंच नव्हती. साचलेलं व्याज दिवसांच्या प्रमाणात सरळ धरतात, किंमत मात्र भागाकारानं येते, एवढाच तो फरक.

मार्च जवळ येतो तसा हा धक्का आणखी बारीक होतो. महिनाच उरला असेल तर तोच 1 टक्का जेमतेम 8 पैसे हलवतो.

आता तक्रार. हे सगळं खरं कधी, तर बाजार त्या 1.22 वर समाधानी असेल तोवर. उद्या लोक म्हणाले, बिलाच्या दरावर आम्हाला 1.52 पाहिजेत, तर? व्याज दर सहा महिन्यांनी नवं ठरेल, पण 0.30 ची तूट कधीच भरून निघणार नाही. 100 रुपयांमागे दर सहामाहीला 15 पैसे कमी, आणि आठ वर्षांत अशा 16 सहामाह्या. आजच्या किमतीत आणले तर सुमारे 1 रुपया 80 पैसे. म्हणजे भाव 98.20 च्या घरात, अगदी व्याज ठरण्याच्या दिवशीसुद्धा. दर 1 टक्का वाढले तर 36 पैसे, आणि हे 0.30 वाढले तर त्याच्या पाचपट! घेताना हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

त्यामुळे मार्च तोंडावर आला असतानाही भाव 98 दिसला, तर दर वाढले म्हणून मनाची समजूत घालत नाही. भाऊजींनी फाईलमध्ये आता एक वेगळा रकाना करून दिलाय, दिसणाऱ्या भावावरून उलटा हिशेब करून बाजार बिलावर किती जास्त मागतोय ते काढायला. परवा तिथं 1.22 ऐवजी 1.27 आलं.