तीन लाख राउंड फिगर

मागच्या दिवाळीआधी डोंबिवलीतल्या आमच्या जुन्या फ्लॅटचं काम काढलं होतं. फरशी, बाथरूम, ओटा, पीओपी, रंग आणि वायरिंग, म्हणजे जवळजवळ सगळंच. कॉन्ट्रॅक्टर ओळखीतून आला, दोनदा येऊन मापं घेऊन गेला, आणि तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर कोटेशन आलं. फाइल नाही, एक्सेलचा स्क्रीनशॉट. "फाइल द्याल का?" म्हणून मी विचारलंही होतं. "ताई, ती ऑफिसच्या लॅपटॉपवर आहे, यात सगळं दिसतंय ना?" दिसत होतंच. कामाच्या आठ ओळी, खाली जीएसटी 18 टक्के आणि एकूण 3,18,541 रुपये.

आम्ही घासाघीस केली ती दरांवर. रंगाचा दर 27 वरून 24 वर आणला. नवा स्क्रीनशॉट आला, त्यात 24 लिहिलेलं पाहिलं आणि समाधान झालं. शेवटी त्याने स्वतःहूनच म्हटलं, "ताई, वरचे साडेअठरा हजार सोडा, तीन लाख राउंड फिगर करून टाका." मला तर लॉटरीच लागल्यासारखं वाटलं. खरं सांगायचं तर त्या सुटीमुळेच बेरीज तपासायची बुद्धी झाली नाही. जो माणूस आपणहून अठरा हजार सोडतो, त्याचा हिशोब कशाला बघायचा?

काम झालं, तीन लाख दिले. काम वाईट नव्हतं, हेही सांगायला हवं.

चार महिन्यांनी साताऱ्याच्या घराला रंग द्यायचा होता, म्हणून सासऱ्यांनी मुंबईकडचे दर काय आहेत ते विचारलं. मी तोच स्क्रीनशॉट पाठवून दिला. अर्ध्या तासात त्यांचा फोन. ते एसटीच्या लेखा शाखेतून निवृत्त झालेत, आकडा दिसला की हात शिवशिवतातच.

"अगं, रंगाचं माप 1640 गुणिले दर 24 किती?"

"अण्णा, कॅल्क्युलेटर घेते..."

"कशाला? 1600 पंचवीस चाळीस हजार. म्हणजे उत्तर चाळीसच्या आसपास यायला हवं. इथे 44,280 कसं?"

खरं उत्तर 39,360. जास्तीचे 4,920. अण्णा म्हणाले, फरक सापडला की तिथे थांबायचं नाही, तो फरक कशाचा आहे ते विचारायचं. 4,920 ला 1,640 ने भागलं तर बरोबर 3 येतात. 27 आणि 24 मधला फरक तोच. म्हणजे दराच्या रकान्यात 24 टाकला, पण रकमेच्या रकान्यात जुनी, 27 ने काढलेली रक्कम तशीच राहिली. तिथे सूत्र असतं तर दर बदलताच रक्कम आपोआप बदलली असती. ती हाताने टाइप केलेली होती. मूळ फाइल असती तर त्या खान्यावर क्लिक केल्यावर वरच्या पट्टीत सूत्राऐवजी नुसता आकडा दिसला असता. स्क्रीनशॉटमध्ये सूत्र आणि टाइप केलेला आकडा सारखेच दिसतात, आणि माझ्या मते फाइल न देण्याचं कारणही तेच.

दुसरी चूक याहून मोठी होती, आणि मी शंभरदा बघूनही ती मला दिसली नसती. वॉटरप्रूफिंग 11,040 आणि बाथरूमच्या भिंतींच्या टाइल्स 29,500. या दोन ओळींखाली ठळक अक्षरांत "बाथरूम एकूण 40,540" अशी एक ओळ होती. तो आकडाही त्याच रकान्यात. शेवटची बेरीज करताना रकाना वरपासून खालपर्यंत सरसकट मोजला गेला, म्हणजे बाथरूम दोनदा धरलं गेलं. अण्णांनी वहीवर फक्त कामाच्या ओळी उतरवून घेतल्या आणि आधी वरून खाली, मग खालून वर बेरीज केली. रंगाची चूक दुरुस्त करून 2,24,490 आले. त्याच्या स्क्रीनशॉटमध्ये 2,69,950. फरक 45,460. त्यातून रंगाचे 4,920 वजा केले की उरतात नेमके 40,540. उरलेला फरक कोटेशनमधल्याच एखाद्या आकड्याशी रुपयासकट जुळला, तर तो आकडा दोनदा तरी मोजलेला असतो किंवा एकदाही मोजलेला नसतो.

वर या चुकीच्या बेरजेवरही 18 टक्के जीएसटी लागला. म्हणजे आणखी 8,182 रुपये 80 पैसे. खरा आकडा करासकट 2,64,898 च्या आसपास होता. मी आनंदाने दिले तीन लाख. ज्याला मी सूट समजत होते, ती 35,102 रुपयांची जादा वसुली होती.

एका ओळीत मात्र अण्णांनी त्याला निर्दोष सोडलं. ओट्याचं माप 12 रनिंग फूट, दर 2,400, आणि रक्कम 27,600. गुणाकार केला तर 28,800 येतात. मी म्हटलं, इथे उलटी चूक! अण्णा म्हणाले, ओटा मोजून बघ. साडेअकरा फूट भरला. एक्सेलमध्ये 11.5 हेच माप होतं, फक्त दशांश लपवल्यामुळे ते 12 दिसत होतं. रक्कम खऱ्या मापावरच काढलेली. त्यामुळे थोडा फरक दिसला की लगेच भांडायला जाऊ नका, आधी माप किती दशांशापर्यंत आहे ते विचारा.

तेव्हापासून कुणाचाही स्क्रीनशॉट आला की मी तो स्वतःच्या शीटमध्ये उतरवते. C मध्ये माप, D मध्ये दर, E मध्ये त्याने लिहिलेली रक्कम. उपबेरजेच्या ओळी उतरवायच्याच नाहीत. आठ ओळींना दहा मिनिटं पुरतात.

```
F2:  =C2*D2-E2
F10: =SUM(E2:E9)
```

पहिलं सूत्र सगळ्या ओळींवर ओढायचं. जिथे शून्य नाही, तिथे बोट ठेवायचं. दुसऱ्याचं उत्तर त्याच्या जीएसटीआधीच्या बेरजेशी ताडून बघायचं. मापच फुगवलेलं असेल तर हे काही कामाचं नाही, त्यासाठी टेप घेऊनच फिरावं लागतं.

मी त्याला फोन केला. आधी "एक्सेलची चूक असेल, ताई". मग "पण तीन लाखाला लमसम ठरलं होतं ना, आयटमचा प्रश्न येतोच कुठे?" इथे मी अडकले, कारण राउंड फिगरला मीच मेसेजवर "ओके, डन" लिहिलं होतं. दर आणि माप यांवर काम ठरलंय असं त्या मेसेजमध्ये एक ओळ जरी लिहिली असती, तरी मला बोलायला जागा राहिली असती.

तरी मी दुरुस्त कोटेशन मागितलं. दोन दिवसांनी ते आलं, अर्थात स्क्रीनशॉटच. रंगाचा दर पुन्हा 27 झाला होता, "बाथरूम एकूण" ही ओळ गायब होती, आणि शेवटी एक नवी ओळ आली होती: साइट सुपरव्हिजन, 40,540. अण्णांनी तेही वहीवर उतरवून तपासलं. या वेळी बेरीज बरोबर होती.