नवं पार्लर: पन्नास रुपये कमी की वेगळा मेनू?

शेजारच्या दोन पार्लरचे दर हेअरकटला ३०० आणि ३५० आहेत असं धरू. आधी विचारा, त्यात काय येतं? बरेचदा ३५० मध्ये हेअरवॉश आणि ब्लो ड्राय धरलेला असतो, म्हणजे महाग दिसणारंच स्वस्त निघतं.

पहिला पर्याय, २५० लावायचे. एका कटला सामान ४० रुपयांचं गेलं, तर ३०० ला २६० उरतात, २५० ला २१०. वीस गिऱ्हाइकांची कमाई भरून काढायला पंचवीस लागतात, आणि खुर्ची तर तेवढीच. त्यात शेजारणीने फलकावर २४० लिहिलं की आलेली गिऱ्हाइकं तिकडे वळतात. दर पुन्हा वर नेणं फार जड जातं.

मी दुसरा पर्याय घेईन. थ्रेडिंगचा भाव प्रत्येकीला पाठ असतो, तो बाजारभावानेच ठेवायचा. कट साधा ३००, वॉश आणि ब्लो ड्रायसह ३८०, लांब केसांना वेगळा दर, तोही आधीच लिहिलेला. उद्घाटनाची सवलत हवीच असेल तर कटवर नको. पहिल्या महिन्यात हेअर स्पासोबत थ्रेडिंग मोफत द्या. मूळ दराला धक्का लागत नाही, शेजारणीलाही उत्तर देण्याची घाई होत नाही.