पेन्सिलची रेषा ठेवावी की नव्याने गिरवावी?

ए-फोर कार्ट्रिज कागदावर २बी पेन्सिलीने काढलेलं एक स्केच आहे. दादरच्या फूलबाजारात बसलेली आजी, डोक्यावर पदर, पुढ्यात झेंडूचा ढीग, हातात अर्धवट ओवलेला हार. ते स्कॅन करून संगणकावर रंगवायचंय, आणि पहिला रंग लावायच्या आधीच एक निर्णय घ्यावा लागतो. कागदावरची पेन्सिलीची रेषा साफ करून तीच चित्रात ठेवायची, की तिला फिकट करून खाली ठेवायचं आणि वर नव्या लेयरवर स्वच्छ रेषा गिरवून घ्यायची? पुढचं सगळं या निर्णयावर अवलंबून आहे: रंग कसे भरायचे, सावली किती द्यायची, चूक कशी दुरुस्त करायची. सॉफ्टवेअर कुठलं हा प्रश्न त्यामानाने गौण आहे. मी क्रिता वापरते, ते फुकट मिळतं, म्हणून उदाहरणं त्यातली आहेत.

स्कॅनिंगपासूनच दोन्ही वाटांच्या गरजा वेगळ्या आहेत. गिरवणारच असाल तर ३०० डीपीआय पुरतं. ए-फोरचं चित्र २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं होतं आणि वर ब्रश फिरवायला तेवढं स्पष्ट दिसतं. पेन्सिल ठेवायची असेल तर मात्र ६०० घ्या. अर्ध्या मिलिमीटरची रेषा तेव्हा साधारण १२ पिक्सेल रुंद येते आणि कागदाच्या खरखरीवर ग्राफाइट जसं तुटकतुटक बसलंय तसं दिसतं. तीच तर या वाटेची कमाई. स्कॅनरमधला ‘टेक्स्ट’ किंवा ‘ब्लॅक अँड व्हाइट’ मोड कटाक्षाने टाळा, कारण तो मधले करडे रंग मारून टाकतो आणि रेषा कुरतडल्यासारखी दिसते. स्कॅनरचं आपोआप शार्प करणंही बंद ठेवा. फाइल जेपेगऐवजी पीएनजी किंवा टिफमध्ये ठेवा. जेपेगमध्ये रेषेभोवती बारीक धुरकट ठिपके उमटतात आणि पुढे कागद पांढरा करताना तेच डोकं वर काढतात.

कच्चा आराखडा फिकट निळ्या पेन्सिलीने काढून त्यावर काळी रेषा ओढायची सवय असेल, तर स्कॅन रंगीत करा. मग चित्राचा फक्त निळा चॅनल घेतला की निळ्या रेषा जवळजवळ नाहीशा होतात, कारण निळा रंग निळा प्रकाश परत पाठवतो आणि त्या चॅनलमध्ये तो पांढऱ्याच्या जवळ जातो. कागद जुना, पिवळा पडलेला असेल तर हीच युक्ती उलटते: पिवळा निळ्या चॅनलमध्ये गडद दिसतो, म्हणून तिथे लाल चॅनल घ्यायचा.

आता सफाई. आजीच्या स्कॅनमध्ये कागद २२५च्या आसपास होता आणि सगळ्यात गडद पेन्सिल ७०च्या आसपास, म्हणजे ०पासून २५५पर्यंतच्या पट्टीवर ना खरा पांढरा ना खरा काळा. `Filter > Adjust > Levels` मध्ये पांढऱ्याची खूण २१५वर आणि काळ्याची ६०वर आणली. कागद स्वच्छ झाला, रेषा उठून आली. पांढऱ्याची खूण आणखी खाली ओढायचा मोह होतो. तसं केलं की हलक्या हाताने काढलेल्या गालावरच्या रेषा आधी जातात, आणि त्या गेल्याचं लगेच लक्षातही येत नाही. मग `Color to Alpha` वापरून पांढरा काढून टाकला. त्यातलं `Threshold` २५५वर नेलं की फिकट रेषा फिकटच राहतात. लेयरला साधं `Multiply`, म्हणजे खालचे रंग गडद करणारा मोड, लावूनही चित्र तसंच दिसतं, पण पारदर्शक लेयरचा एक फायदा आहे: अल्फा, म्हणजे पारदर्शकता, लॉक करून पेन्सिलीला तपकिरी किंवा जांभळट रंग देता येतो. झेंडूच्या ढिगात करडी रेषा मळकी दिसते. तीच तपकिरी केली की फुलांत मिसळते.

सफाई झाली की नाही हे पांढऱ्या पार्श्वभूमीवर कधीच कळत नाही. खाली तात्पुरता गडद लाल लेयर टाकून बघा. हाताचा तळवा घासून पसरलेलं ग्राफाइट, रबराचे कण, कागदाचा काठ, सगळं लगेच दिसतं. तळव्याची ती पुसट छटा आणि पदरावरची मुद्दाम केलेली हलकी छटा यांचे आकडे बहुतेक वेळा सारखेच असतात, त्यामुळे कुठलंही फिल्टर त्यांना वेगळं करू शकत नाही. तिथे मास्क लावून हाताने पुसणं एवढाच इलाज. आजीच्या चित्रात यातच अर्धा तास गेला.

गिरवण्याच्या वाटेत यातलं काहीच नाही. स्कॅनची अपारदर्शकता २५–३० टक्क्यांवर आणा, वर नवा लेयर घ्या, ब्रशचं `Stabilizer` चालू करा आणि ओढायला लागा. वेळ इथे रेषा ओढण्यात जातो. आणि एक गोष्ट हमखास घडते: गिरवलेलं चित्र मूळ स्केचपेक्षा ताठर होतं. कच्च्या स्केचमध्ये खांद्याला तीन-चार रेषा असतात आणि डोळा त्यातली योग्य ती आपोआप निवडतो. गिरवताना आपल्याला एकच निवडावी लागते, आणि भीतीने आपण मधली निवडतो. मोठं झूम करून हळूहळू गिरवलं तर हे आणखी वाढतं. चित्र पूर्ण दिसेल इतकं लहान ठेवून लांब रेषा एका दमात ओढणं, चुकली की पुसून पुन्हा ओढणं, हे बरं.

फ्लॅट, म्हणजे सावलीविना सपाट रंगांच्या टप्प्यावर गिरवलेली रेषा सरळ जिंकते. बंद आकार, एकसारखी कड. बादली टूलमध्ये `Grow selection` दोन-तीन पिक्सेल ठेवलं की रंग रेषेच्या खाली शिरतो आणि कडेला पांढरी फट राहत नाही. कुठे रेषा जुळली नसेल तर रंग बाहेर सांडतो, ते तत्क्षणी दिसतं. गिम्प या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अशा फटी स्वतःच बुजवणारा `Fill by line art detection` हा पर्यायही आहे.

पेन्सिलीवर बादली चालवून बघा म्हणजे कळेल. रेषेची कड दहा-बारा पिक्सेलांत हळूहळू विरते, म्हणून रंग मध्येच कुठेतरी थांबतो आणि रेषेभोवती पांढरट झालर उरते. दुसऱ्या ठिकाणी ग्राफाइट तुटलेलं असतं, तिथून सगळं बाहेर. झेंडूच्या ढिगात तर प्रत्येक पाकळी हा वेगळा गळका डबा. इथे बादली विसरायची. पेन्सिलीच्या खाली वेगळा लेयर घेऊन लॅसोने, म्हणजे हाताने वेढा घालून निवडायच्या टूलने, आकार निवडायचे आणि भरायचे: साडी एक आकार, चेहरा एक, सगळा ढीग मिळून एकच नारिंगी आकार. क्रितामधला `Colorize Mask` थोडी मदत करतो. प्रत्येक भागात रंगाचा एकेक फराटा मारला की तो रेषांचा अंदाज घेत बाकीचं भरतो. पण ६०० डीपीआयच्या खरखरीत पेन्सिलीवर तो मंद चालतो आणि कडा दातेरी येतात. मी त्याचा उपयोग कच्च्या वाटणीपुरता करते, कडा हातानेच नीट करते. एक बरं आहे की पेन्सिलीच्या चित्रात रंग रेषेबाहेर थोडा गेला तरी शोभतो. गिरवलेल्या चित्रात तीच गोष्ट चूक दिसते.

सावलीचा टप्पा निर्णायक आहे, आणि नेमकं हेच आधी कोणी सांगत नाही. पेन्सिलीच्या स्केचमध्ये सावली आधीच असते. समजा चेहऱ्याच्या फ्लॅट रंगाची उजळता १८० आहे आणि हनुवटीखाली पेन्सिलीची छटा १५० आहे. दोन्हींचा गुणाकार करून २५५ने भागलं की १०६ होतात. त्यावर तुम्ही सवयीने १७०चा `Multiply` सावलीचा लेयर टाकलात की ७१. हाच सावलीचा लेयर गिरवलेल्या, आत कोरी जागा असलेल्या चित्रावर टाकला असता तर १२० मिळाले असते. म्हणजे सावलीचा तोच रंग एका चित्रात हनुवटीखालची मऊ छाया देतो आणि दुसऱ्यात काजळीचा डाग. पेन्सिलीवर रंगवलेली चित्रं गढूळ दिसतात त्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं. दोष रंग निवडणाऱ्याचा नसतो.

म्हणून पेन्सिल ठेवली असेल तर सावलीचा लेयर उजळ आणि रंगीत ठेवा: २२०च्या आसपासचा फिकट जांभळा किंवा निळा. त्याने फक्त सावलीचा रंग बदलायचा. काळोख पेन्सिल देतेय. सावली फ्लॅटच्या बाहेर सांडू नये म्हणून दोन्ही एका ग्रुपमध्ये ठेवून वरच्या लेयरवर `Inherit Alpha` लावा. गिरवलेल्या चित्रात आकाराचा सगळा भार याच लेयरवर पडतो. प्रकाश कुठून येतोय हे ठरवून ठळक कडेची एक सावली, मग हवी तर मऊ दुसरी. छायाप्रकाशाचा अभ्यास कच्चा असेल तर गिरवलेलं चित्र तो उघडा पाडतं.

दुरुस्तीत पुन्हा गिरवणं पुढे. क्रितामध्ये `M` दाबलं की कॅनव्हास आरशासारखा उलटतो आणि तिरके डोळे लगेच दिसतात. आजीचा उजवा डोळा खरंच खाली घसरलेला निघाला. गिरवलेल्या लेयरवर तो पुसून पुन्हा काढायला दोन मिनिटं लागतात. पेन्सिलीत तो लॅसोने कापून, वर सरकवून, थोडा फिरवला. मग जुन्या जागी उरलेल्या रेषा मास्कने झाकल्या आणि तुटलेली पापणी पेन्सिलसारख्या ब्रशने जोडली. दोन-चार मिलिमीटर सरकवणं ठीक आहे. आकार दीडपट केला तर ग्राफाइटचा कणही दीडपट होतो, आणि तेवढाच भाग दुसऱ्या कागदावरून आणून चिकटवल्यासारखा दिसतो. म्हणजे स्केचचं माप मुळातच बिघडलं असेल, हात लहान झालाय, मान बसलेली नाही, तर पेन्सिल वाचवण्याचा हट्ट करू नका.

निवड कशी करायची? स्केचमध्ये छटा असतील, पोत असेल, माणसं-कापड-फुलं असतील आणि माप बरोबर असेल तर पेन्सिल ठेवा. नुसत्या बाह्यरेषा असतील, किंवा चित्र पुढे स्टिकर, लोगो, मुलांच्या पुस्तकातलं पुन्हा पुन्हा येणारं पात्र होणार असेल तर गिरवा. छोट्या आकारात पेन्सिलीची खरखर मळासारखी दिसते. मोबाइलवर १०८० पिक्सेल रुंदीत चित्र जाणार असेल तर ते आधीच त्या मापात करून बघा. वेळेचा हिशोब माझ्या हाताचा सांगते: आजीचं चित्र पेन्सिल ठेवून तीन तासांत झालं, त्यातला निम्मा वेळ सफाई आणि लॅसोत गेला. तेवढ्याच गुंतागुंतीचं चित्र गिरवून करायला मला पाच लागतात. साध्या चित्रात हे गणित उलटं होतं.

दोन्हींचं मिश्रण बऱ्याच जणांना सुचतं: चेहरा गिरवायचा, बाकी पेन्सिल. मी करून पाहिलंय आणि मला ते आवडलं नाही. एकाच बाईला दोन चित्रकारांनी काढल्यासारखं दिसतं. हार ओवणाऱ्या हाताची बोटं मात्र मूळ स्केचमध्ये गिचमीड होती. ती पुसून टाकली, कोऱ्या कागदावर त्याच २बीने पुन्हा काढली, त्याच ६०० डीपीआयवर स्कॅन केली, `Levels` चे तेच आकडे दिले आणि जागेवर बसवली.