मेल पाठवण्याआधी टोमणे शोधायचे कसे: शब्दांच्या यादीने की दुसऱ्याच्या तोंडून?

बुटीबोरीच्या आमच्या ऑफिसातून पेमेंटसाठी पुण्या-मुंबईला मेल जातात. मसुद्यात नकळत शिरलेला खोचकपणा काढायला मी दोन्ही उपाय वापरले आहेत. एक म्हणजे टोचणाऱ्या वाक्प्रचारांची यादी जवळ ठेवून त्यातलं काही आलंय का ते शोधायचं. दुसरा म्हणजे विषय माहीत नसलेल्या माणसाकडून मेल मोठ्याने वाचून घ्यायचा.

यादीचे गुण मान्य आहेत. ती मिनिटात काम करते आणि कोणाला उठवावं लागत नाही. ‘अ‍ॅज पर माय लास्ट मेल’ किंवा ‘नॉट शुअर इफ यू सॉ माय लास्ट मेल’ ती लगेच पकडते, आणि ही वाक्यं लोकांना खरंच झोंबतात. अ‍ॅडोबीने २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ऑफिसकर्मचाऱ्यांची पाहणी केली, तेव्हा सर्वात चीड आणणाऱ्या वाक्यांत यातलं दुसरं पहिल्या क्रमांकावर होतं. पण अशा याद्या बहुतेक तिकडच्या कानांनी बनलेल्या असतात. ‘काइंडली डू द नीडफुल’वर त्या खूण करतात, आपल्याकडे मात्र ते कोणाला लागत नाही. उलट ‘जेंटल रिमाइंडर’ पहिल्यांदा सौम्य वाटतं आणि तिसऱ्यांदा तेच टोचतं. कितव्यांदा लिहितोय, हे यादीला कुठून कळणार?

हेही चाललं असतं. माझं मत फिरलं ते एका वेगळ्या त्रासामुळे. शब्द काढले तरी डंख वाक्यांच्या रचनेत उरतो. थकलेल्या बिलाचा एक मसुदा यादीतून पूर्ण स्वच्छ निघाला होता. मराठीत त्याचा आशय असा:

‘बिल ४ तारखेला पाठवलं होतं. त्याआधी पर्चेस ऑर्डरची प्रतही दिली होती. आपल्याकडून उत्तर आलेलं नाही. आपण पाहिलं असेलच. शुक्रवारपर्यंत कळवावे.’

सीसीमध्ये समोरच्याचे साहेब. यात आक्षेपार्ह शब्द एकही नाही. डिस्पॅचमधल्या ताईंना बिलाचं काही माहीत नव्हतं. त्यांना वाचायला दिलं तर तिसऱ्या वाक्यापासून त्यांचा आवाज आपोआप कडक झाला. ‘पाहिलं असेलच’ला त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, हे तं भांडण झाल्यावर लिहिल्यासारखं वाटते.” वाक्यं पुन्हा पाहिली तेव्हा कारण दिसलं. आम्ही हे केलं, तेही केलं, तुम्ही काहीच केलं नाही, असा तो हिशेब होता आणि सीसीने त्याला साक्षीदार उभा केला होता. कुठलीही यादी हे पकडणार नाही.

मग तोच मेल असा झाला: ‘बिल सोबत पुन्हा जोडलं आहे. तुमच्याकडे माल मिळाल्याची नोंद झाली आहे का? कुठला कागद कमी पडत असेल तर सांगा, आजच पाठवतो. शुक्रवारपर्यंत कळलं तर बरं होईल.’ साहेबांचं नाव काढलं. मुदत तीच राहिली, पण समोरच्याला उत्तर द्यायला एक सोपा प्रश्न मिळाला. मुदतीचा कायदा सांगायची वेळ आलीच, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देण्याचा २००६ चा नियम, तर तो वेगळ्या मेलमध्ये सरळ लिहावा. आठवणीच्या आड लपवला की तो धमकीसारखा वाचला जातो.

वाचणारा निवडताना मात्र जपावं. शेजारच्या टेबलावरचा मित्र उपयोगाचा नाही. त्याला सगळं प्रकरण माहीत असतं आणि तो आपल्याच बाजूने चिडलेला असतो. वाचायला देताना पार्श्वभूमी सांगू नये, सीसीची ओळही दाखवावी. ‘बरोबर आहे ना?’ असं विचारलं की ‘हो’ येतं. ‘लिहिणारा कुठल्या मनःस्थितीत आहे?’ असं विचारावं.

रोजच्या दोन ओळींच्या मेलसाठी एवढा खटाटोप कदाचित जास्तच होईल. तिथे यादी पुरे. पण पैसे, उशीर किंवा चूक कोणाची असा विषय असला की मी तरी माणसाकडेच जातो.

पगार किंवा तक्रारीचा मेल दुसऱ्याला दाखवता येत नाही. तेव्हा तो स्वतःच मोठ्याने वाचावा, पण मनात असलेल्या सुरात नाही, मुद्दाम चिडलेल्या सुरात. मानसशास्त्रज्ञ क्रूगर, एप्ली आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या प्रयोगांत दिसलं होतं की लिहिणाऱ्याला आपला सूर पोचेल याची फाजील खात्री असते, आणि उलट्या सुरात वाचायला लावलं की ती खात्री कमी होते. चिडून वाचताना जे वाक्य सहज जमून येतं, ते बदलावं. दुसऱ्या कानाइतकं हे पक्कं नाही, पण रात्रभर मसुदा ठेवून सकाळी मनातल्या मनात वाचण्यापेक्षा मला यात जास्त सापडलं आहे.