दोन्ही ऑप्शन बरोबर वाटतात तेव्हा: क्लॅटसाठी सात महिने वापरलेल्या एलिमिनेशनचा अनुभव

मे ते डिसेंबर, हर्णैला घरी बसून क्लॅटची, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेची तयारी केली. क्लास ऑनलाइन, तोही लाईट आणि रेंज दोन्ही असतील तेव्हाच, म्हणजे जुलैत किती झाला ते विचारू नका. बाकी सगळं सोडून एकाच गोष्टीवर लिहितेय, कारण माझे सगळ्यात जास्त मार्क तिथेच गळत होते. चारातले दोन ऑप्शन पटकन उडतात, आणि उरलेले दोन्ही बरोबर वाटतात, मग काय करायचं. लीगल रीझनिंगमध्ये, म्हणजे जिथे पॅसेजमध्ये कायद्याचा नियम देतात आणि तो एखाद्या घटनेला लावायला सांगतात, तिथे हे सगळ्यात जास्त होतं म्हणून उदाहरणही तिथलंच घेते.

आधी माझी चूक सांगते. 120 प्रश्न, 120 मिनिटं, बरोबरला 1 मार्क आणि चुकलं की 0.25 वजा. ह्या पाव मार्काची मला इतकी भीती की दोघांत अडकले की प्रश्न कोराच सोडायचे. मग एक वही केली, वर लिहिलं "अडकलेले", आणि पहिल्या सहा मॉक टेस्टमधले असे सगळे प्रश्न त्यात उतरवले. निघाले 58. त्यातले 31 कोरे. बाकी 27 पैकी बरोबर फक्त 11, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी ह्याहून बरं जमलं असतं! पण गंमत बघा, 16 चुकले त्याचे 4 वजा झाले तरी त्या 27 मधून हातात 7 आलेच की. आणि कोऱ्या 31 चे शून्य. नाणं उडवून भरले असते तरी अकराच्या आसपास आले असते. ह्या मार्किंगमध्ये पाचातला एक जरी बरोबर आला तरी नुकसान नाही, त्यामुळे दोन ऑप्शन उडवून झाल्यावर प्रश्न कोरा ठेवायला काही कारणच उरत नाही. हे कळायला मला अडीच महिने लागले.

पण नाण्यापेक्षा कमी का येत होतं हा खरा प्रश्न. आमच्या आळीत एक वकीलकाका आहेत, दापोली कोर्टात जातात. ती वही घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी चार-पाच प्रश्न वाचले आणि म्हणाले, "अगो, तू दोन्ही ऑप्शन गोष्टीशी जुळवून बघत्येस. गोष्टीशी दोन्ही जुळणारच, पेपर काढणारा काय खुळा आहे? आधी ते दोघे एकमेकांशी जुळवून बघ." सगळी टेक्निक ही एवढीच. उरलेले दोन ऑप्शन शेजारी शेजारी धरायचे, त्यात जे सारखं आहे ते विसरायचं, वेगळं काय तेवढ्याच शब्दांखाली रेघ मारायची, आणि मग पॅसेजमधल्या नियमाला फक्त त्या रेघेबद्दल विचारायचं. घटनेकडे परत जायचंच नाही.

एक प्रश्न पूर्ण सोडवून दाखवते. मी स्वतः बनवलेला आहे, खऱ्या पेपरमध्ये पॅसेज इंग्रजीत आणि चारेकशे शब्दांचा असतो, इथे मराठीत आणि थोडक्यात करते.

नियम असा: कोणी आपल्या जागेत नेहमीच्या वापरापलीकडची धोकादायक वस्तू आणून ठेवली आणि ती तिथून निसटून दुसऱ्याचं नुकसान झालं, तर त्याने काळजी घेतली असो वा नसो, तो जबाबदार. अपवाद, दैवी आपत्ती, म्हणजे ज्याचा आधी अंदाजच येऊ शकत नाही असं असामान्य नैसर्गिक संकट. (हा रायलँड्स विरुद्ध फ्लेचरचा नियम, 1868 चा, क्लॅटची तयारी करणाऱ्या कोणालाही झोपेत विचारला तरी येतो.) आता घटना: बंदराजवळ बर्फाचा कारखाना, त्यात अमोनिया. चक्रीवादळात पाईप तुटून गॅस बाहेर गेला आणि शेजारच्या बाईंनी वाळत घातलेली सगळी मासळी फुकट गेली. वादळाचा इशारा हवामान खात्याने दोन दिवस आधी दिलेला. मालकाने गेल्याच महिन्यात पाईप तपासून घेतलेले.

ऑप्शन ए, जबाबदार नाही, कारण चक्रीवादळ ही दैवी आपत्ती. बी, जबाबदार नाही, कारण पाईप तपासले होते, निष्काळजीपणा नाही. सी, जबाबदार, कारण इशारा मिळूनही त्याने पुरेशी काळजी घेतली नाही. डी, जबाबदार, कारण वादळाचा अंदाज आधीच होता म्हणून अपवाद लागू नाही.

बी लगेच जातो, नियमच म्हणतो की काळजीचा संबंध नाही. ए जातो कारण इशारा दोन दिवस आधी होता. उरले सी आणि डी. दोन्हीत मालक जबाबदार, दोन्हीत तो इशारा आहे, आणि इथेच मी दर वेळी सी मारायचे. का, तर आम्ही 2020 चं निसर्ग वादळ बघितलंय. 3 जूनला कौलं उडताना बघितलेल्या माणसाला "इशारा होता तरी काही केलं नाही" हे वाक्य इतकं पटतं की हात आपोआप तिकडेच जातो. आता रेघ मारा. सी मध्ये वेगळं काय, "पुरेशी काळजी घेतली नाही". डी मध्ये वेगळं काय, "अपवाद लागू नाही". नियमाला विचारा, जबाबदारी काळजीवर अवलंबून आहे का? नाही, "असो वा नसो" असं चक्क लिहिलंय. म्हणजे सी चा निकाल बरोबर पण कारण ह्या नियमाचंच नाही, ते निष्काळजीपणाच्या कायद्याचं आहे. शिवाय ज्या कारणासाठी आपण बी उडवला त्याच कारणाने सी पण उडायला हवा, तो फक्त उलट्या बाजूने आलाय म्हणून दिसत नाही. उत्तर डी.

हे शेवटचं मला वही भरताना कळलं आणि खूप कामाला आलं. उडवलेला ऑप्शन ज्या कारणाने उडवला ते कारण उरलेल्या दोघांना पण लावून बघायचं, बऱ्याचदा त्यातला एक तिथेच पडतो.

दुसरा सापळा जास्त शिकलेल्यांसाठी आहे. वरच्याच प्रश्नात सी च्या जागी असं टाका: "जबाबदार, कारण धोकादायक उद्योगाला कोणताच अपवाद मिळत नाही." ज्याने एम. सी. मेहताची ओलियम गॅसची केस वाचलीय, 1987 ची, तो हेच मारणार, कारण त्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने अगदी हेच म्हटलंय. बाहेरच्या जगात हे बरोबर पण आहे. पण पॅसेजने अपवाद दिलाय ना, मग ह्या प्रश्नापुरता पॅसेज हाच कायदा. रेघ मारली की "कोणताच अपवाद नाही" हे शब्द समोर येतात आणि पॅसेजमधली अपवादाची ओळ त्यांना खोटं पाडते. पॅसेजमध्येच एम. सी. मेहता दिला असेल तर मात्र उत्तर बरोब्बर उलटं होतं, म्हणून पाठांतरावर कधीही टिक करू नका, मी दोनदा केलीय आणि दोन्हीदा तोंडावर पडलेय.

आता वेळेचं. कागदावर हे छान वाटतं, पण मिनिटाला एक प्रश्न आणि त्याच मिनिटात पॅसेजही वाचायचा, तेव्हा रेघाबिघा कधी मारणार? खरं सांगते, पहिले दोन महिने स्पीड कमीच झाला, एका मॉकमध्ये तर शेवटचे 14 प्रश्न बघायलाच मिळाले नाहीत. मग एसटीत सराव सुरू केला. हर्णै ते दापोली अर्धा-पाऊण तास लागतो, त्या वेळात पूर्ण प्रश्न सोडवायचे नाहीत, वहीतले फक्त शेवटचे दोन ऑप्शन बघायचे आणि फरकाचा शब्द तेवढा ओळखायचा, उत्तर नाहीच. गाडी इतकी हलते की लिहिणं शक्यच नाही, त्यामुळे डोळ्यानेच फरक पकडायची सवय लागली. ऑक्टोबरपर्यंत पाच-सहा सेकंदांत दिसायला लागला. मग पॅसेजमधली ओळ शोधायला अजून पंधरा सेकंद. एवढ्यात नाही मिटलं तर जो नियमाच्या शब्दांना जास्त चिकटून आहे तो घ्यायचा आणि पुढे. त्या एका प्रश्नावर आणखी दोन मिनिटं घालवली तर पुढचे दोन सोपे प्रश्न जातात, आणि ते मला महाग पडलंय.

पेपर ओएमआरवर पेनने आहे, गोल एकदा काळा केला की संपलं. म्हणून अडकलेल्या प्रश्नाला आधी पुस्तिकेतच खूण करायचे आणि पॅसेजचे सगळे प्रश्न झाले की मगच गोल भरायचे. बऱ्याच वेळा त्याच पॅसेजचा पुढचा प्रश्न करताना नियमातली एखादी ओळ नीट कळते आणि मागचं अडलेलं सुटतं. फक्त गोल भरायला शेवटची पाच मिनिटं ठेवू असं म्हणू नका, हात थरथरतो आणि ओळ चुकते.

न चालणारी ठिकाणंही सांगायला हवीत. करंट अफेअर्समध्ये ही टेक्निक जवळजवळ निकामी, कारण बराच भाग पॅसेजच्या बाहेरचा असतो, दोन नावांत फरक दिसतो पण विचारायला नियमच नाही. तिथे मी पाच सेकंद देऊन जे आठवेल ते मारायचे. लॉजिकलमध्ये "पॅसेजवरून काय निष्कर्ष निघतो" अशा प्रश्नांना चांगली चालते, कारण तिथे फरक बहुतेक वेळा मापाचा असतो. हापूसला 2018 मध्ये जीआय मिळाला, त्यानंतर काही बागायतदारांना चांगला भाव आला असं पॅसेज म्हणतो, तर "काही बागायतदारांना फायदा झाला" आणि "बागायतदारांना फायदा झाला" ह्यात पहिलाच घ्यायचा. दुसरा वाचायला भारी वाटतो, पण तो सगळ्यांबद्दल बोलतोय. मात्र "लेखकाचा मुख्य मुद्दा काय" असं विचारलं तर हाच छोटा ऑप्शन फसवतो, तिथे पूर्ण पॅसेज झाकणारा लागतो. म्हणून प्रश्नाची शेवटची ओळ परत वाचल्याशिवाय रेघ मारायची नाही.

अजून एक. मी विकत घेतलेल्या एका मॉक सिरीजची आन्सर की-च काही ठिकाणी चुकीची होती, लीगलमध्ये सी सारखे ऑप्शन बरोबर धरलेले. काकांना दाखवलं तर ते हसायला लागले. ऑक्टोबरनंतर मॉक बंद करून मागच्या वर्षांचे खरे पेपर आणि फायनल की एवढंच केलं, आणि वही परत पहिल्यापासून सोडवली.

डिसेंबरच्या पेपरमध्ये अडकलेले प्रश्न होते 14, सगळे भरले, आन्सर की आल्यावर जुळवलं तर 9 बरोबर, 5 चूक. म्हणजे पावणेआठ मार्क, जे मेमधली मी अर्धे तरी कोरे सोडून आले असते. त्या पाचातले तीन करंटचे. एक लीगलचा, आणि तो चुकला कारण मी घटनेकडे परत गेले, गोष्टीतल्या म्हाताऱ्याची दया आली म्हणून.

आता महाराष्ट्राच्या लॉ सीईटीची तयारी चाललीय. तिथे निगेटिव्ह नाही, त्यामुळे कोरं सोडायचा प्रश्नच नाही, पण मोठे पॅसेजही नाहीत, कायद्याचं सरळ विचारतात आणि तेव्हा रेघ मारून विचारायचं कोणाला? वही परत काकांकडे दिलीय. ते म्हणाले, "आता मात्र पाठ कर."